शून्य गुण आणि परिशिष्ट ‘ब’

वाचकाचे पत्र

मी एम.ए. समाजशास्त्राच्या चौथ्या सत्रात शिकते. आमचा लघुप्रबंध १५० गुणांचा असून त्यातले ७५ गुण अंतर्गत आहेत. संशोधन पद्धतीवरच्या तिसऱ्या प्रकरणाला मला २५ पैकी ११ गुण मिळाले : उद्दिष्टांना ४, पद्धतीच्या निवडीला ३, नमुना निवडीला १, माहिती संकलनाच्या साधनाला ० आणि लेखन-संदर्भांना ३. मार्गदर्शक मॅडमनी दोन शेरे दिले आहेत : ‘नमुना निवडीचे समर्थन नाही’ आणि ‘प्रश्नावली कुठे आहे?’ वास्तविक प्रश्नावली परिशिष्ट ‘ब’मध्ये आहे आणि पान ३४ वर तसा उल्लेखही आहे. नमुन्याबद्दल मी ‘सहेतुक नमुना निवड’ या मथळ्याखाली स्पष्ट लिहिले आहे : ‘सहा गावांतील १२ बचत गटांमधून सोयीनुसार प्रत्येकी पाच अशा ६० महिलांची निवड केली.’ मी घरोघरी जाऊन, प्रश्न विचारून, उत्तरे स्वतः लिहून घेतली. मॅडमनी प्रकरण वाचलेच नाही असे वाटते. माझ्या मैत्रिणीला एवढ्याच नमुन्यावर १९ गुण आहेत. तीन सत्रांत मला १६५० पैकी ८९९ गुण आहेत आणि नेट परीक्षेसाठी ५५ टक्के लागतात. मी मॅडमना लिहिलेल्या पत्राचा शेवट असा आहे : ‘मी अतोनात कष्ट घेतले असून माझ्यावर अन्याय झाला आहे, तरी सहानुभूतीपूर्वक विचार करून गुण वाढवून द्यावेत, ही नम्र विनंती.’ गुण विद्यापीठाकडे भरायला दहा दिवस आहेत. हे पत्र पाठवू का?

— एक विद्यार्थिनी

उत्तर

हे पत्र या रूपात पाठवू नका, परंतु पत्र अवश्य पाठवा. तुमच्याजवळ एक भक्कम कारण आहे, आणि तुम्ही ते तीन कमकुवत कारणांच्या गर्दीत ठेवले आहे. अशी पत्रे मी अनेक वर्षे शिक्षकाच्या खुर्चीत बसून वाचली आहेत. ज्या पत्रात चार तक्रारी असतात, त्यातली सर्वांत दुबळी तक्रार वाचणाऱ्याच्या डोळ्यांत आधी भरते आणि उरलेल्या तिन्हींचा निकाल तिच्यावरूनच लागतो, असा माझा अनुभव आहे.

पत्राला हात घालण्यापूर्वी एक काम करा. ज्या मेलने तुम्ही तिसरे प्रकरण मॅडमना पाठवले, तो पाठवलेल्या मेलच्या यादीतून काढा आणि त्याला जोडलेली फाइल उघडून शेवटच्या पानापर्यंत पाहा. संगणकावर जपून ठेवलेली फाइल पाहू नका. मॅडमपर्यंत जी गेली तीच पाहायची आहे. प्रकरणे एकेक करून तपासायला देण्याच्या पद्धतीत एक चूक हमखास होते. प्रकरण एका फाइलमध्ये असते, परिशिष्टे दुसऱ्या फाइलमध्ये असतात, आणि ती सगळ्या प्रकरणांच्या शेवटी जोडायची असल्यामुळे प्रकरणासोबत जातच नाहीत. लिहिणाऱ्याच्या मनात मात्र संपूर्ण लघुप्रबंध असतो, त्यामुळे ‘परिशिष्ट आहेच’ असे त्याला प्रामाणिकपणे वाटत राहते. मॅडमचा शेरा पुन्हा वाचून पाहा. त्यांनी ‘प्रश्नावली नाही’ असे विधान केलेले नाही, ‘प्रश्नावली कुठे आहे?’ असा प्रश्न विचारला आहे. ज्याने प्रकरण वाचलेच नाही त्याला हा प्रश्न सुचणार नाही. पान ३४ वरचा उल्लेख वाचून ज्याने परिशिष्ट शोधले आणि ज्याला ते सापडले नाही, त्याचा हा शेरा वाटतो.

आता दोन शक्यता उरतात, आणि त्या दोहोंसाठी पत्र वेगळे लिहावे लागेल. पाठवलेल्या फाइलमध्ये परिशिष्ट ‘ब’ असेल, तर ते तपासताना नजरेतून सुटले आहे आणि तुमची मागणी रास्त आहे, कारण जे काम सादर झाले त्याला गुण मिळालेले नाहीत. फाइलमध्ये ते नसेल, तर चूक तुमची आहे. मग ‘माझ्याकडून परिशिष्ट जोडायचे राहिले’ हे वाक्य पत्रात पहिले आले पाहिजे, आणि त्यापुढची विनंती हक्काची नसून सवलतीची असेल. ती मान्य होण्याची शक्यताही बरी असते, कारण भरलेल्या ६० प्रती तुमच्याकडे आहेत आणि साधन आधीपासून तयार होते हे त्यांवरच्या तारखांवरून कोणालाही पाहता येते. मात्र राहून गेलेले परिशिष्ट आज गुपचूप जोडून ‘मी पाठवलेच होते’ असे लिहिण्याचा मोह होऊ देऊ नका. तुमचा मूळ मेल मॅडमकडेही आहे.

नमुना निवडीच्या १ गुणाबाबत मला तुमची बाजू घेता येत नाही. तुमचा मथळा ‘सहेतुक’ म्हणतो आणि त्याखालचे वाक्य ‘सोयीनुसार’ म्हणते. समाजशास्त्रात हे दोन वेगळे नमुना प्रकार आहेत. सहेतुक निवडीत संशोधक आधी निकष ठरवतो, उदाहरणार्थ किमान तीन वर्षे चाललेले आणि बँकेचे कर्ज घेतलेले गट, आणि मग त्या निकषांत बसणारेच घटक निवडतो. सोयीस्कर निवडीत जे हाताशी सापडले ते घेतले जातात. तुमच्या एका वाक्यात दोन्ही प्रकार एकमेकांवर आदळले आहेत, आणि ‘का’ या प्रश्नाचे उत्तर त्यात कुठेच नाही. ‘स्पष्ट लिहिले आहे’ असे तुम्ही म्हणता. काय केले हे तुम्ही स्पष्ट लिहिले आहे. समर्थन म्हणजे तसेच का केले हे सांगणे.

त्याहून मोठी अडचण ‘प्रत्येकी पाच’ या शब्दांत आहे. बचत गटात साधारणपणे दहा ते वीस महिला असतात. त्यांतल्या पाच कोणत्या? तुम्ही घरोघरी गेलात, म्हणजे ज्या घरी भेटल्या त्या. गावात असे काम ज्यांनी केले आहे त्यांना माहीत असते की, पाहुणी आली म्हटल्यावर पुढे येतात त्या गटाच्या अध्यक्ष, सचिव आणि त्यांच्या शेजारणी. ज्या रोज मजुरीवर जातात, ज्यांचा हप्ता थकला आहे किंवा ज्या गटावर नाराज आहेत, त्या दुपारी घरी नसतात आणि असल्या तरी बोलायला कचरतात. त्यामुळे ‘गटामुळे आत्मविश्वास वाढला’ असा तुमचा निष्कर्ष असेल, तर तो कोणाच्या उत्तरांवर उभा आहे, असा प्रश्न परीक्षक विचारणारच. मॅडमनी तोच मोजक्या शब्दांत विचारला आहे. मैत्रिणीच्या १९ गुणांचे कोडेही बहुधा इथेच सुटेल. नमुन्याचा आकडा सारखा असला म्हणून नमुना निवड सारखी होत नाही, आणि तिचे प्रकरण तुम्ही या नजरेने वाचलेले नसावे. काहीही असले तरी तिचे गुण पत्रात आणू नका. त्या एका वाक्याने तुमच्या प्रकरणाची चर्चा थांबते आणि मॅडमना आपल्या निष्पक्षतेचा बचाव करावा लागतो.

जाता जाता आणखी एक गोष्ट सांगते. प्रश्न तुम्ही विचारलेत आणि उत्तरे तुम्हीच लिहून घेतलीत, म्हणजे तुमचे साधन प्रश्नावली नसून मुलाखत अनुसूची आहे. उत्तरदाता स्वतः वाचून भरतो ती प्रश्नावली. परिशिष्ट सापडल्यावरही मॅडम या चुकीसाठी एखादा गुण कापू शकतात. तेव्हा साधनाला पाचपैकी पाच मिळतील असे धरून चालू नका, तीन मिळाले तरी न्याय्य म्हणावे लागेल.

आता नेटचा हिशेब करू. चार सत्रांचे २२०० गुण धरले, तर ५५ टक्के म्हणजे १२१० गुण. तुमच्याजवळ ८९९ आहेत, म्हणून या सत्रात ५५० पैकी ३११ हवेत, म्हणजे साडेछप्पन्न टक्क्यांहून किंचित जास्त. नेटमध्ये ही टक्केवारी वरच्या अंकात पूर्ण करून धरत नाहीत, त्यामुळे तुमची धास्ती मला समजते. (५५ टक्क्यांची अट खुल्या प्रवर्गासाठी आहे. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमी लेअरमधील इतर मागासवर्ग, दिव्यांग आणि तृतीयपंथी उमेदवारांना ५० टक्के चालतात. आपण कोणत्या प्रवर्गात अर्ज करणार हे आधी पाहा.) फेरविचारातून मिळालेच तर तीन गुण मिळतील. ते नाकारावेत असे मी म्हणत नाही, पण लघुप्रबंधाचे बाह्य परीक्षकाकडचे ७५ गुण अजून पुढे आहेत आणि तोही हेच तिसरे प्रकरण वाचणार आहे. नमुना निवडीचा परिच्छेद नीट लिहिल्याने जे मिळेल ते या पत्राने मिळणाऱ्या गुणांपेक्षा जास्त असू शकते. शिवाय मॅडमना पाठवायच्या पत्रात नेटचा उल्लेख बसतच नाही. गुण सादर केलेल्या कामाला द्यायचे असतात, आणि ‘मला हवे आहेत’ म्हणून ते वाढवले तर उद्या तुमच्या वर्गातल्या प्रत्येकाला वाढवावे लागतील.

‘सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ हा आपल्या अर्जांतला जुना, झिजलेला शब्दप्रयोग आहे. रजेच्या अर्जात तो खपून जातो. इथे तो तुमचेच नुकसान करतो, कारण तुम्ही तपासून पाहण्याची मागणी करत असताना तो दयेची याचना करतो. त्याच वाक्यात ‘अन्याय’ हा शब्दही आहे, म्हणजे एका हाताने आरोप आणि दुसऱ्या हाताने पदर पसरणे. वाचणाऱ्याला नेमके कशाला उत्तर द्यावे ते कळत नाही. ‘कष्ट’ही काढून टाका. ६० घरे फिरणे सोपे नाही हे मॅडम जाणतात, पण त्यांच्या गुणपत्रकात त्यासाठी रकाना नाही.

पाठवलेल्या फाइलमध्ये परिशिष्ट आहे असे धरून मी पत्र असे लिहीन :

> मा. मॅडम,
> सप्रेम नमस्कार.
>
> विषय : लघुप्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणातील ‘माहिती संकलनाचे साधन’ या घटकाच्या गुणांबाबत.
>
> तिसऱ्या प्रकरणावरील आपले शेरे मी लक्षपूर्वक वाचले. नमुना निवडीच्या समर्थनाबाबतचा शेरा मला मान्य आहे. मथळ्यात ‘सहेतुक’ आणि मजकुरात ‘सोयीनुसार’ अशी विसंगती राहिली असून, अंतिम प्रतीत तो परिच्छेद मी नव्याने लिहीत आहे.
>
> साधनाच्या घटकाला ५ पैकी ० गुण असून ‘प्रश्नावली कुठे आहे?’ असा आपला शेरा आहे. मी पाठवलेल्या फाइलमध्ये हे साधन परिशिष्ट ‘ब’ म्हणून प्रकरणाच्या शेवटी जोडलेले असून त्याचा निर्देश पान ३४ वर आहे. उत्तरे मी स्वतः नोंदवली असल्यामुळे त्याला ‘मुलाखत अनुसूची’ म्हणणे योग्य ठरले असते, हेही माझ्या लक्षात आले आहे. आपल्या सोयीसाठी मूळ मेल आणि परिशिष्टाची पाने सोबत जोडत आहे.
>
> केवळ या एका घटकाचे गुण आपण पुन्हा पाहावेत, अशी विनंती आहे. आपला जो निर्णय होईल तो मला मान्य राहील. आवश्यक वाटल्यास आपण सांगाल त्या वेळी दहा मिनिटांसाठी भेटायला येईन.
>
> आपली विद्यार्थिनी

या पत्रात ‘वाचले नाही’, ‘दुर्लक्ष झाले’ असे काहीच म्हटलेले नाही. परिशिष्ट कुठे आहे एवढेच सांगितले आहे आणि पुढचा अर्थ मॅडमवर सोडला आहे. नमुना निवडीचा शेरा मान्य करण्याला तुम्ही कदाचित माघार म्हणाल. तपासणाऱ्याला मात्र त्यातून दिसते की, विद्यार्थिनीने शेरे समजून घेतले आहेत आणि जिथे तिचे चुकले नाही तिथेच ती बोट ठेवते आहे. दुसरे म्हणजे हे सगळे पाच मिनिटांत पडताळता येते. ‘संपूर्ण प्रकरण पुन्हा तपासा’ म्हणाल, तर अर्धा दिवस जाईल असे काम तुम्ही मागता, आणि फेरतपासणीत उद्दिष्टांचे ४ गुण कमी होण्याचा धोकाही पत्करता.

मेलसोबत सुधारलेले प्रकरण जोडू नका. ही चूक चांगले विद्यार्थीही करतात. गुण आधी सादर केलेल्या कामाचे असतात, आणि सुधारित प्रकरण पाहिले की वाचणाऱ्याला वाटते, ‘म्हणजे आधीचे अपुरे होते हे हिलाही पटले आहे.’ सुधारित परिच्छेद अंतिम प्रतीत जाऊ द्या. विभागप्रमुखांनाही त्याच मेलची प्रत पाठवू नका. मॅडमना उत्तर द्यायची संधी मिळण्याआधीच वरिष्ठांना मध्ये आणले, तर साधी चौकशी तक्रार बनते.

वेळेचे भान मात्र ठेवा. पत्र उद्या-परवाच गेले पाहिजे. गुण विद्यापीठाच्या प्रणालीत भरले जाण्यापूर्वी मॅडम आपल्या अधिकारात आकडा बदलू शकतात. एकदा ते भरले की बदलासाठी लेखी कारण, विभागप्रमुखांची सही आणि परीक्षा विभाग, असा प्रवास सुरू होतो आणि बहुतेक शिक्षक तो टाळतात. लेखी परीक्षेसारखी गुणपडताळणी, छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन अशी वाट इथे उपलब्ध असेल असे समजू नका. बहुतेक विद्यापीठांत अंतर्गत मूल्यमापन आणि तोंडी परीक्षा पुनर्मूल्यांकनातून वगळलेल्या असतात. तुमच्या विद्यापीठाचा परीक्षाविषयक अध्यादेश एकदा पाहून घ्या.

चार दिवसांत उत्तर आले नाही, तर त्याच मेलखाली दोन ओळींचे स्मरण द्या आणि त्या दिवशी विभागात जाऊन भेटा. मॅडम ‘नाही’ म्हणाल्या, तर ‘अंतिम प्रतीत या घटकात काय सुधारू?’ एवढेच विचारा आणि उत्तर लिहून घ्या. परिशिष्ट फाइलमध्ये असल्याचे दाखवूनही शून्यच राहिले आणि कारण दिले गेले नाही, तर विभागप्रमुखांकडे जाणे योग्य ठरेल. त्यापुढे विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार मूल्यमापनातील अपारदर्शक किंवा अन्याय्य पद्धती हा तक्रारीचा विषय होऊ शकतो, समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि त्यावर विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते. मात्र पुनर्मूल्यांकनाचे अपील लोकपाल तेव्हाच ऐकतात, जेव्हा निकालावर परिणाम करणारी ठोस अनियमितता किंवा भेदभावाचे नेमके उदाहरण दाखवलेले असते. म्हणजे तिथेही तुमच्या मूळ पत्रातले कष्ट, मैत्रीण आणि नेट उपयोगाचे नाहीत. उपयोग होईल तो पान ३४, परिशिष्ट ‘ब’ आणि मूळ मेलचा. माझ्या अंदाजाने गोष्ट तिथवर जाणारही नाही.

नमुन्याच्या परिच्छेदाचे काम याच दहा दिवसांत उरका. १२ गट कोणत्या निकषावर निवडले ते आठवून लिहा. निकष खरोखर होता, तर गटांची निवड सहेतुक आणि गटातील महिलांची निवड सोयीस्कर, असे दोन टप्प्यांत मांडा. निकष नव्हता, तर संपूर्ण नमुन्याला सोयीस्कर म्हणा आणि त्याची मर्यादा दोन वाक्यांत कबूल करा. निकष नंतर सुचलेला असेल, तर तो आधी ठरवला होता असे लिहू नका, तोंडी परीक्षेत पहिल्याच उपप्रश्नाला ते उघडे पडते. मग भरलेल्या ६० अनुसूची काढून, किती उत्तरदात्या गटाच्या पदाधिकारी होत्या आणि किती साध्या सदस्य होत्या, ते मोजा. तो छोटा तक्ता या परिच्छेदाखाली द्या. ६० पैकी २० किंवा त्याहून अधिक पदाधिकारी निघाल्या, तर पाचव्या प्रकरणातले निष्कर्षही त्या नजरेने पुन्हा वाचून काढावे लागतील.